मूल्यमापन अहवालाचा मसुदा तपासावा कसा: मोघम शेरे, छुपी अढी आणि अमलात आणता येणारी उद्दिष्टे

वार्षिक मूल्यमापनाचा अहवाल कर्मचाऱ्याच्या हाती पडण्यापूर्वी अनेक संस्थांमध्ये तो आणखी एका व्यक्तीच्या नजरेखालून जातो. ही व्यक्ती कधी एचआर विभागातील असते, तर कधी अहवाल लिहिणाऱ्या व्यवस्थापकाची वरिष्ठ. हे काम ज्यांच्याकडे प्रथमच आले आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. नवखा तपासनीस सहसा दोन प्रकारे चुकतो. एक तर तो शुद्धलेखन आणि भाषेतील सौम्यपणा पाहून मसुदा पुढे सरकवतो, नाही तर त्या कर्मचाऱ्याला आपणही ओळखतो म्हणून व्यवस्थापकाच्या मताशी वाद घालत बसतो. कर्मचारी चांगला की वाईट, हे ठरवणे तुमच्याकडे नाही. लिहिलेल्या विधानामागे दाखवता येईल असे काही आहे का आणि तेच माप इतरांनाही लावले आहे का, हे तुम्हाला पाहायचे आहे. आणि अहवाल वाचून झाल्यावर नेमके काय बदलायचे हे त्या व्यक्तीला कळेल का, हेही.

हे सारे एका नमुना मसुद्यावरच करून पाहू. मसुदा काल्पनिक आहे, पण त्यातील वाक्ये मूल्यमापनाच्या हंगामात वारंवार समोर येणाऱ्या धाटणीची आहेत.

नमुना मसुदा

ग्राहक तक्रार निवारण विभागातील एका ज्येष्ठ महिला कर्मचाऱ्याबद्दल तिच्या व्यवस्थापकांनी असे लिहिले आहे:

“कामात प्रामाणिक आणि मेहनती आहे. सर्वांशी मिळून मिसळून वागते व टीममध्ये सगळ्यांना हवीहवीशी वाटते. मात्र बैठकींमध्ये काही वेळा आक्रमक होते. व्यापक दृष्टिकोनाचा अभाव जाणवतो. वर्षअखेरीस नवी संगणक प्रणाली सुरू होताना तिचे दुर्लक्ष झाल्याने तीन मोठ्या ग्राहकांच्या तक्रारी प्रलंबित राहिल्या. दीर्घ रजेनंतर कामाचा वेग पूर्ववत झालेला नाही. पुढील वर्षी संवादकौशल्य सुधारावे, अधिक पुढाकार घ्यावा व नेतृत्वगुण विकसित करावेत. रेटिंग: ५ पैकी ३.”

वरवर पाहता या मसुद्यात खटकण्यासारखे काही नाही. भाषा सभ्य आहे, स्तुती आहे, टीका आहे, एक प्रत्यक्ष घटनाही आहे. असे मसुदे जसेच्या तसे पुढे जातात ते याच कारणाने.

बसण्यापूर्वी काय हाताशी ठेवावे

फक्त मसुदा समोर ठेवून तपासणी होत नाही. कर्मचाऱ्याचे स्वमूल्यमापन, गेल्या वर्षी ठरलेली उद्दिष्टे, गेल्या वर्षीचा अहवाल आणि कामाची नोंद दाखवणारा एखादा साधा तक्ता एवढे मागवून घ्यावे. याखेरीज त्याच व्यवस्थापकांनी त्याच पदावरील निदान आणखी एका व्यक्तीबद्दल लिहिलेला मसुदा हवाच. तो मिळत नसेल तर अढीबद्दल तुम्ही फारसे काही सांगू शकणार नाही, हे आधीच मान्य करावे.

पहिल्या वाचनाच्या वेळी रेटिंगचा आकडा झाकून ठेवावा. आकडा आधी दिसला की प्रत्येक वाक्य त्या आकड्याचे समर्थन म्हणून वाचले जाते. पाचपैकी तीन पाहिल्यावर “मेहनती” हा शब्दही सांत्वनासारखा वाटू लागतो.

पहिले वाचन: वाक्यामागे काय आहे

आता पेन्सिल घेऊन प्रत्येक वाक्याच्या समासात तीनपैकी एक खूण करावी. जे कोणी पाहिले किंवा नोंदवले असू शकते ती घटना. जे लिहिणाऱ्याला वाटते ते मत. आणि जे कर्मचाऱ्याच्या मनाबद्दल किंवा एखाद्या गोष्टीच्या कारणाबद्दल गृहीत धरले आहे तो अंदाज. मत लिहिण्यात गैर काही नाही, मूल्यमापन हे शेवटी मतच असते. पण मतासोबत निदान एक घटना आणि तिचा कामावर झालेला परिणाम हवा. केवळ मत असेल, तर तो मोघम शेरा झाला.

“व्यापक दृष्टिकोनाचा अभाव जाणवतो” या वाक्यासमोर ‘मत’ लिहून झाल्यावर पुढे काही सापडत नाही. कोणाला जाणवतो, कोणत्या निर्णयात जाणवला, त्यामुळे काय अडले, यातले काहीही नाही. मोघम शेरा ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. ते वाक्य उचलून दुसऱ्या कोणत्याही विभागातील कोणत्याही व्यक्तीच्या अहवालात ठेवून पाहावे. ते तिथेही चपखल बसले, तर ते या व्यक्तीबद्दल काहीच सांगत नाही. गेल्या वर्षीचा अहवाल मागवून घ्यायचा तो अशाच वेळी उपयोगी पडतो. आपल्या नमुन्यात हेच वाक्य गेल्या वर्षीही शब्दशः होते असे समजा. ते या वर्षीच्या कामातून आलेले नसून गेल्या वर्षीच्या फाइलमधून आले आहे, असा संशय घेण्यास मग पुरेशी जागा आहे.

स्तुतीलाही हीच कसोटी लावावी, आणि इथे नवखे तपासनीस हमखास सैल पडतात. “प्रामाणिक आणि मेहनती” हे वाचायला बरे वाटते, पण त्यातून तिच्या मेहनतीने काय साधले हे कळत नाही. तिने वर्षभरात किती तक्रारी सोडवल्या, कोणती किचकट प्रकरणे मार्गी लावली, हे मसुद्यात कुठेच नाही. पुढे कधी बढतीच्या वेळी हा अहवाल कोणी उघडला, तर तिच्या बाजूने बोलणारा एकही पुरावा त्यात सापडणार नाही. मोघम टीकेइतकेच मोघम स्तुतीनेही नुकसान होते. फक्त स्तुतीबद्दल कोणी तक्रार करत नाही.

पाचवे वाक्य अधिक काळजीपूर्वक वाचण्यासारखे आहे, कारण ते ठोस दिसते. त्यात वेळ आहे, संख्या आहे, परिणाम आहे. पण त्याचे दोन तुकडे करून पाहा. “तीन मोठ्या ग्राहकांच्या तक्रारी प्रलंबित राहिल्या” ही घटना आहे. “तिचे दुर्लक्ष झाल्याने” हा अंदाज आहे, आणि तो घटनेच्या आधाराने गुपचूप आत आला आहे. कारण सांगणारे कोणतेही पद, म्हणजे “झाल्याने”, “मुळे”, “अभावी”, दिसले की तिथे थांबून विचारावे: हे कारण कोणी तपासले? स्वमूल्यमापनात तिने लिहिले आहे की, जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत तक्रारी हलवताना काहींवर कोणाचेच नाव राहिले नव्हते. दोघांपैकी कोणाचे खरे, हे तुम्हाला कागदावरून कळणार नाही आणि कळलेच पाहिजे असेही नाही. मात्र कामाच्या नोंदीत ते सापडण्यासारखे आहे, एवढे नक्की.

याच वाक्यात आणखी एक गोष्ट आहे. बारा महिन्यांच्या अहवालात नावानिशी आलेली घटना एकच, आणि तीही वर्षाच्या शेवटच्या महिन्यातली. लिहायला बसल्यावर ताजे तेच आठवते, हा माणसाच्या स्मरणाचा गुण आहे आणि त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो. तरीही समासात घटनांचे महिने लिहून काढावेत. सगळे महिने वर्षाच्या एकाच टोकाला साठलेले दिसले, तर व्यवस्थापकांना आधीच्या काळातील दोन घटना आठवून लिहायला सांगावे.

“दीर्घ रजेनंतर कामाचा वेग पूर्ववत झालेला नाही” हे वाक्य मोघम दिसत असले तरी ते मोजून पाहता येते. व्यवस्थापकांना विचारल्यावर त्यांनी तक्ता दाखवला असे समजू: वर्षात तिने ६४० तक्रारी निकाली काढल्या, म्हणजे दरमहा सुमारे ५३, तर टीमची सरासरी दरमहा ७५. आकडा खरा आहे, पण भागाकार चुकला आहे. ती चार महिने रजेवर होती. ६४० ला बाराने नव्हे तर आठाने भागले पाहिजे, आणि तसे केल्यावर सरासरी ८० येते, टीमपेक्षा जास्त. रजेपूर्वीच्या पाच महिन्यांत तिने ४०६ आणि परतल्यानंतरच्या तीन महिन्यांत २३४ तक्रारी सोडवल्या, म्हणजे दरमहा अनुक्रमे सुमारे ८१ आणि ७८. तीन तक्रारींच्या फरकावर कोणी असे वाक्य लिहिणार नाही. ते वाक्य जायलाच हवे. आणि रजेचा उल्लेखच मुळी अहवालात का यावा, हाही प्रश्न विचारावा. आजारपणाची किंवा बाळंतपणाची रजा कामगिरीच्या खात्यावर मांडणे हे अनेक देशांच्या कायद्यांत बसत नाही. असा उल्लेख दिसला, तर मसुदा पुढे जाण्यापूर्वी संस्थेच्या कायदेशीर सल्लागारांना दाखवणे शहाणपणाचे.

दुसरे वाचन: त्याच हाताने लिहिलेला दुसरा अहवाल

एकट्या मसुद्यात अढी क्वचितच दिसते. “बैठकींमध्ये आक्रमक होते” हे वाक्य खरेही असू शकते आणि पूर्वग्रहातूनही आलेले असू शकते. दोन्ही वेळा ते कागदावर सारखेच दिसेल. म्हणून त्याच व्यवस्थापकांनी त्याच पदावरील एका पुरुष सहकाऱ्याबद्दल लिहिलेला मसुदा शेजारी ठेवू. त्यातील काही भाग असा:

“बैठकींमध्ये आपले म्हणणे ठामपणे मांडतो. किचकट प्रकरणांत टीमला दिशा देतो. वर्षाच्या मध्यास काही तक्रारी प्रलंबित राहिल्या, परंतु संबंधित विभागाकडून माहिती उशिरा मिळाल्याने परिस्थिती अवघड होती. रेटिंग: ५ पैकी ४.”

दोन मसुदे वेगवेगळ्या व्यवस्थापकांचे घेऊन तुलना करू नये. २००० साली प्रसिद्ध झालेल्या स्कलन, माउंट आणि गॉफ यांच्या संशोधनात असे दिसले होते की, रेटिंगमधील फरकांपैकी निम्म्याहून अधिक भाग मूल्यमापन करणाऱ्या व्यक्तीच्या स्वतःच्या सवयींतून येतो. कोणी हात राखून गुण देतो, कोणी सढळ. त्यामुळे दोन व्यवस्थापकांमधला फरक हा बऱ्याचदा त्यांच्या स्वभावांमधला फरक असतो. एकाच व्यक्तीने लिहिलेल्या दोन अहवालांत मात्र ही अडचण राहत नाही.

आता दोन्ही मसुदे वाक्याशी वाक्य जुळवून वाचावेत. पहिली जोडी म्हणजे “आक्रमक होते” आणि “ठामपणे मांडतो”. दोघांचे वागणे वेगळे असेलही, पण दोन्हींत घटना नसल्यामुळे एकाच वागण्याला दोन नावे मिळाली आहेत का, हे कळायला मार्ग नाही. दुसरी जोडी जास्त बोलकी आहे. तक्रारी दोघांच्याही प्रलंबित राहिल्या. तिच्या बाबतीत कारण तिच्यात शोधले गेले, म्हणजे दुर्लक्ष. त्याच्या बाबतीत कारण बाहेर, म्हणजे अवघड परिस्थिती. कोणते विशेषण वापरले यापेक्षा अपयशाचे कारण कोणाच्या माथी मारले, ही खूण माझ्या मते अधिक विश्वासार्ह आहे, कारण विशेषणे व्यवस्थापक जपून वापरू लागले आहेत, पण कारण देताना कोणी तितके सावध नसते. यशाच्या बाबतीत हेच उलट्या बाजूने पाहावे. एकाचे यश त्याच्या कौशल्यामुळे आणि दुसऱ्याचे “टीमच्या सहकार्यामुळे” असे लिहिले असेल, तर तीही तीच खूण होय.

तिसरी गोष्ट स्तुतीच्या जातीची. तिच्या वाट्याला “मिळून मिसळून”, “हवीहवीशी” असे स्वभावाचे शब्द आले आहेत, त्याच्या वाट्याला “दिशा देतो” हे कामाचे शब्द. बढतीच्या वेळी दुसरी जात मोजली जाते, पहिली नाही.

वाक्य उलटे करून पाहणे ही जुनी युक्ती इथे चांगली चालते. “तो टीममध्ये सगळ्यांना हवाहवासा वाटतो” असे त्याच व्यवस्थापकांनी त्याच्याबद्दल लिहिले असते का? वाचताना वाक्य अडखळले, तर त्याभोवती वर्तुळ करावे. ही युक्ती फक्त स्त्री-पुरुष भेदापुरती नाही. वय, भाषेचा हेल, शारीरिक अपंगत्व, घरून काम करणे, यांपैकी जे लागू असेल ते बदलून तेच वाक्य पुन्हा वाचावे. “नव्या गोष्टी शिकायला वेळ लागतो” हे वाक्य पंचविशीतल्या आणि पन्नाशीतल्या कर्मचाऱ्याबद्दल सारख्याच सहजतेने लिहिले गेले असते का, हा असाच एक प्रश्न.

पण वर्तुळ म्हणजे निकाल नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये निकाली काढलेले प्राइस वॉटरहाउस विरुद्ध हॉपकिन्स हे प्रकरण या बाबतीत मुळातून समजून घेण्यासारखे आहे. प्राइस वॉटरहाउस या हिशेब तपासणाऱ्या संस्थेत काम करणाऱ्या ॲन हॉपकिन्स यांचे नाव १९८२ मध्ये तिथल्या भागीदारीसाठी पुढे आले तेव्हा एकूण ८८ उमेदवारांत त्या एकट्याच स्त्री होत्या. भागीदारांनी त्यांच्याबद्दल दिलेल्या अभिप्रायांत त्या ‘मर्दानी’ वाटतात, स्त्री असल्याची जास्तच भरपाई करतात, त्यांनी शिष्टाचाराचे वर्ग लावावेत, अशा आशयाचे शेरे होते, आणि हेच शेरे पुढे लिंगाधारित साचेबंद विचाराचा पुरावा म्हणून न्यायालयासमोर आले. मात्र याच निकालात हेही नोंदलेले आहे की, त्यांच्या बाजूच्या आणि विरोधातल्या अशा दोन्ही भागीदारांना त्या हाताखालच्या लोकांशी कधी कधी फार कठोर वागतात असे वाटत होते. खरी तक्रार आणि अढी एकाच कागदावर, कधी एकाच वाक्यात, एकत्र नांदू शकतात. म्हणून वाक्य खोडून टाकणे हा उपाय होत नाही. त्यातली खरी तक्रार वेगळी काढावी लागते.

मसुदा स्वतः सुधारू नये

इथे एक मोह आवरावा लागतो. भाषा चांगली असलेल्या तपासनिसाला “आक्रमक होते” हे खोडून “बैठकींमधील संवाद अधिक संतुलित व्हावा” असे लिहावेसे वाटते. असे केल्याने मोघम शेरा तसाच राहतो आणि अढी असलीच तर ती अधिक खोल दडते, कारण आता ती शोधायला कोणताही खटकणारा शब्द उरलेला नसतो. शिवाय ते वाक्य तुमचे होते. उद्या कर्मचाऱ्याने “कोणत्या बैठकीत?” असे विचारले, तर व्यवस्थापकांना उत्तर देता येणार नाही.

म्हणून मसुदा प्रश्नांसह परत पाठवावा. प्रश्न आरोपासारखे वाटू नयेत, पण त्यांना हो-नाही असे उत्तरही देता येऊ नये. “हे वाक्य पक्षपाती वाटते” असे लिहिले की व्यवस्थापक बचावाच्या पवित्र्यात जातात आणि संभाषण तिथेच संपते. त्याऐवजी असे लिहावे: “आक्रमक हा शब्द ज्या बैठकीवरून सुचला ती कोणती? तिने काय म्हटले किंवा केले, आणि त्याचा कामावर काय परिणाम झाला? अशाच प्रसंगी टीममधील इतर कोणी कसे वागले होते?” प्रलंबित तक्रारींबद्दल: “या तीन तक्रारी त्या दिवशी कोणाच्या नावावर होत्या, हे नोंदीत पाहता येईल का?” एका मसुद्यावर असे चार-पाचच प्रश्न पाठवावेत, वीस प्रश्न पाठवले, तर घाईघाईने लिहिलेली वीस उत्तरे मिळतात.

आपल्या नमुन्यात उत्तरे अशी आली असे समजू. बिलिंग विभागाबरोबरच्या एका बैठकीत त्या विभागाचे प्रमुख बोलत असताना तिने त्यांना तीनदा मध्येच तोडले. परताव्याची त्यांनी सांगितलेली तारीख चुकीची होती हे खरे, पण त्यानंतरची बैठक बिलिंग विभागाने तिला न बोलावता घेतली. म्हणजे तक्रारीत तथ्य आहे. सहकाऱ्याबद्दल विचारल्यावर व्यवस्थापकांनी थोडे थांबून मान्य केले की, त्याचाही त्याच विभागाशी असाच खटका उडाला होता, पण तो लिहावा असे त्यांना वाटले नव्हते. आता हा मुद्दा दोघांच्याही अहवालात यायला हवा, किंवा दोघांच्याही अहवालातून जायला हवा. तक्रारींच्या नोंदीत असे आढळले की, तीनपैकी दोन कोणाच्याच नावावर नव्हत्या आणि तिसरी तिच्या नावावर असूनही नऊ दिवस उघडली गेली नव्हती. आणि “व्यापक दृष्टिकोना”साठी व्यवस्थापकांना एकही प्रसंग आठवला नाही, तेव्हा ते वाक्य त्यांनी स्वतःच काढले.

अशा उत्तरांनंतर व्यवस्थापकांनी लिहिलेला भाग साधारण असा होईल: “बिलिंग विभागाबरोबरच्या बैठकीत विभागप्रमुखांना बोलताना तीनदा थांबवले. मांडलेला मुद्दा बरोबर होता, परंतु पुढील बैठक त्या विभागाने आपल्याशिवाय घेतली आणि परताव्याचे प्रश्न आपल्या अनुपस्थितीत ठरले. नवी प्रणाली सुरू होताना आपल्या नावावरील एक तक्रार नऊ दिवस उघडली गेली नाही.” हे मूळ मसुद्यापेक्षा सौम्य नाही, उलट कडकच आहे. पण यातल्या प्रत्येक शब्दाला कर्मचारी उत्तर देऊ शकते, तो नाकारू शकते किंवा स्वीकारू शकते. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायाच्या परिणामांवरील अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर कामगिरी खालावल्याचे त्यांना आढळले. ज्याला अभिप्राय मिळाला त्याचे लक्ष कामावरून उडून स्वतःकडे वळते तेव्हा अभिप्रायाचा उपयोग कमी होतो, असे त्यांचे म्हणणे होते. “आक्रमक” हा शब्द माणसाला स्वतःबद्दल विचार करायला लावतो, “तीनदा थांबवले” हे त्या बैठकीबद्दल.

एक मर्यादाही लक्षात ठेवावी. या टप्प्यावर कर्मचाऱ्याला फोन करून खरेखोटे विचारू नये. मसुदा अजून गोपनीय असतो, आणि तुमच्या एका प्रश्नातूनही त्यात काय लिहिले आहे हे बाहेर पडते. तिची बाजू स्वमूल्यमापनातून आणि कामाच्या नोंदीतूनच पाहावी.

तिसरे वाचन: उद्दिष्टे

“संवादकौशल्य सुधारावे, अधिक पुढाकार घ्यावा व नेतृत्वगुण विकसित करावेत.” या तीन अपेक्षांपैकी एक तरी ज्यात नाही असा अहवाल मी क्वचितच पाहिला आहे. उद्दिष्टे तपासताना आधी ती वर लिहिलेल्या टीकेशी जोडून पाहावीत. पुढाकाराबद्दल मसुद्यात टीका कुठेच नव्हती, मग हे उद्दिष्ट आले कुठून? टीकेत ज्याचा मागमूस नाही ते उद्दिष्ट एक तर सवयीने लिहिलेले असते, किंवा व्यवस्थापकांच्या मनात एखादी न लिहिलेली तक्रार असते. दुसरी शक्यता असेल, तर ती तक्रार वर लिहिली जायला हवी.

त्यानंतर प्रत्येक उद्दिष्टाला एक प्रश्न विचारावा: येत्या दोन आठवड्यांत कर्मचाऱ्याने करायचे पहिले काम कोणते, हे यावरून सांगता येते का? “संवादकौशल्य सुधारावे” यावरून सांगता येत नाही. “बिलिंग विभागाबरोबरच्या मासिक बैठकीच्या दोन दिवस आधी आपले आक्षेप लेखी पाठवावेत आणि ते बैठकीत आपल्या पाळीला मांडावेत, पहिल्या तीन बैठकींनंतर व्यवस्थापक प्रत्येक वेळी दहा मिनिटे यावर बोलतील” यावरून सांगता येते. शिवाय यात व्यवस्थापकांच्या वाट्याचे कामही आले आहे. उद्दिष्टात व्यवस्थापकांनी काय द्यायचे ते लिहिलेले नसेल, तर वर्षअखेरीस सगळा भार एकाच खांद्यावर पडतो.

नेतृत्वगुणांच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचे ठरते. नेतृत्व करायची संधी देणे हे कर्मचाऱ्याच्या नव्हे, व्यवस्थापकांच्या हाती असते. म्हणून त्यांना विचारावे की येत्या सहा महिन्यांत तिच्याकडे कोणते काम सोपवणार आहात. उत्तर “दोन नव्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण” असे आले, तर तेच उद्दिष्ट म्हणून लिहावे, आणि त्या काळात तिच्या नेहमीच्या तक्रारी किती कमी केल्या जातील हेही. उत्तर आलेच नाही, तर ते उद्दिष्ट काढून टाकणे योग्य, कारण जे करण्याची संधीच नाही त्यावर पुढच्या वर्षी गुण कापले जातील.

आकडा घातला की उद्दिष्ट ठोस झाले, असा समज नवख्यांमध्ये असतो. समजा व्यवस्थापकांनी लिहिले, “प्रत्येक तक्रार तीन दिवसांत बंद करावी.” मोजता येते, मुदतही आहे. पण ही मुदत पाळायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तक्रार न सोडवताच बंद करणे, आणि मग तोच ग्राहक आठवड्याने पुन्हा तक्रार नोंदवतो. म्हणून आकडा दिसला की विचारावे, काम न करता हा आकडा गाठता येईल का? येत असेल, तर त्याला तोल देणारी दुसरी नोंद शेजारी हवी. इथे ती ‘बंद करून पुन्हा उघडाव्या लागलेल्या तक्रारी’ ही असेल. शिवाय आकड्याचा किती भाग तिच्या हातात आहे हेही पाहावे. परतावा मंजूर करण्याचे काम बिलिंग विभागाचे असेल, तर तीन दिवसांची अट तिच्यावर घालण्यात अर्थ नाही. न उघडलेल्या तक्रारीच्या संदर्भात अधिक प्रामाणिक उद्दिष्ट असे होईल: “दर सोमवारी आपल्या नावावरील तक्रारींची यादी पाहावी आणि पाच दिवसांत उत्तर न गेलेली तक्रार त्याच दिवशी व्यवस्थापकांना कळवावी.” हे पूर्णपणे तिच्या हातातले आहे आणि पाळले गेले की नाही हे यादीवरून कळते. अशी दोन किंवा तीन उद्दिष्टे पुरेत.

रेटिंग सर्वांत शेवटी

आता झाकलेला आकडा उघडावा आणि सुधारलेल्या मजकुराशी ताडून पाहावा. आपल्या नमुन्यात तीन या रेटिंगला आधार देणाऱ्या चार गोष्टी होत्या: बैठकीतले वागणे, दृष्टिकोन, प्रलंबित तक्रारी आणि रजेनंतरचा वेग. त्यातली एक पूर्णपणे गेली, एक उलटी निघाली, एक तृतीयांशावर आली आणि उरलेली सहकाऱ्यालाही तितकीच लागू आहे. तरीही रेटिंग चार करावे असे तुम्ही सुचवू नये. मजकूर आणि आकडा यांचा मेळ बसत नाही एवढेच लिहावे, कोणत्या वाक्यांमुळे बसत नाही ते दाखवावे आणि दोन्ही मसुदे शेजारी ठेवून व्यवस्थापकांना फेरविचार करायला सांगावे. ते तीनवरच ठाम राहिले, तर त्यांनी कारण लेखी द्यावे. तुमचे प्रश्न, त्यांची उत्तरे आणि ते कारण, तिन्ही मसुद्याच्या फाइलला जोडून, ज्या बैठकीत सर्व टीमची रेटिंग एकत्र पाहिली जातात त्या बैठकीकडे पाठवावीत.